पाच हजारांचं टाका

पेट्रोल पंपावर गाडी लावली की आपण म्हणतो, "दोनशेचं टाका." किती लिटर आलं ते बहुतेक जण बघतही नाहीत. भाजी घ्यायला गेलं की मात्र भाषा बदलते. तिथे "एक किलो द्या" म्हणतो, आणि दर ऐकून कपाळाला आठ्या पडतात. एसआयपीची सगळी गोम या दोन वाक्यांतल्या फरकात आहे, म्हणून आधी भाजीच घेऊ.

टोमॅटोचा भाव कसा नाचतो ते महाराष्ट्राला सांगायला नको. २०२३च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांवर टोमॅटो फेकून द्यायची पाळी आली होती आणि त्याच वर्षी जुलैत किरकोळ बाजारात तो शंभरी ओलांडून गेला. समजा, एका आठवड्यात भाव वीस रुपये आहे आणि दुसऱ्यात शंभर. "एक किलो द्या" म्हणणाऱ्याचे दोन किलोंना एकशेवीस रुपये गेले, म्हणजे किलोला साठ. "शंभरचे द्या" म्हणणाऱ्याला पहिल्या आठवड्यात पाच किलो मिळाले, दुसऱ्यात एकच. दोनशे रुपयांत सहा किलो, म्हणजे किलोला तेहतीस रुपये. दोघांनीही भावाचा अंदाज बांधला नाही की घासाघीस केली नाही. तरीही दुसऱ्याला माल जवळजवळ निम्म्या भावात पडला. पाच किलो टोमॅटोचं घरी काय करायचं हा प्रश्न उरतो, पण म्युच्युअल फंडाचं युनिट नासत नाही.

रक्कम ठरलेली असली की स्वस्ताईत आपोआप जास्त माल येतो आणि महागाईत कमी. त्यामुळे सरासरी काढताना स्वस्त दिवसांचं वजन वाढतं, महाग दिवसांचं घटतं. म्हणून ठरावीक रकमेची खरेदी त्या काळातल्या भावांच्या साध्या सरासरीपेक्षा नेहमी स्वस्तच पडते. भाव एकाच जागी थिजून राहिला तरच दोन्ही आकडे सारखे येतात. हे कुणा सल्लागाराचं आश्वासन नाही, निव्वळ अंकगणित आहे. प्रश्न एवढाच आहे, की या अंकगणितातून हातात नेमकं किती पडतं.

त्यासाठी खऱ्या बाजाराचे आकडे घेऊ आणि वर्षही मुद्दाम वादळी घेऊ, २०२०. हिशेब सोपा व्हावा म्हणून निफ्टीला शंभराने भागून आलेला आकडा म्हणजे आपल्या इंडेक्स फंडाच्या एका युनिटचा भाव, म्हणजेच एनएव्ही, असं धरू. लाभांश आणि फंडाचा खर्च बाजूला ठेवू. दर महिन्याच्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी पाच हजार रुपये. "पाच हजारांचं टाका," बस्स.

जानेवारीअखेर निफ्टी ११,९६२ वर होता. युनिट ११९.६२ रुपयांना पडलं आणि पाच हजारांत ४१.८० युनिटं आली. फेब्रुवारीअखेर ११,२०२. तोवर करोनाच्या बातम्या येऊ लागल्या होत्या, बाजार जरा घसरला होता, युनिटं ४४.६४ मिळाली. मग मार्च आला. २३ मार्चला एका दिवसात निफ्टी तेरा टक्के कोसळून ७,६१० वर बंद झाला. महिनाअखेर थोडा सावरून ८,५९८ वर आला. त्या दिवशी पाच हजारांत ५८.१५ युनिटं हाती लागली.

माझी एक मावशी साताऱ्याला असते. निवृत्त शिक्षिका, हिशेबाला चोख. तिने तेव्हा नुकतीच एसआयपी सुरू केली होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"अरे, तीन हप्ते गेले आणि पैसे कमीच झालेत. पुढचा थांबवू का?"

तिचा फंड वेगळा होता, पण आपल्या उदाहरणात त्या वेळचं चित्र असं दिसतं: भरलेले पंधरा हजार, किंमत १२,४३२. म्हणजे सतरा टक्के तोटा, तोही बाहेर कडीकुलुपं आणि टीव्हीवर रोज वाढणारे आकडे असताना. मी तिला म्हटलं, "मावशी, पैशांचा आकडा बघू नकोस, युनिटांचा रकाना बघ." ती म्हणाली, "युनिट घेऊन दुकानात गेलं तर वाणी तांदूळ देतो का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. हप्ता मात्र तिने चालू ठेवला, बहुधा तो बंद करायला कुठला फॉर्म लागतो ते त्या गोंधळात शोधायचा कंटाळा आला म्हणून.

पुढे काय झालं ते पाहू. एप्रिलअखेर निफ्टी ९,८६०, मेअखेर ९,५८०, जूनअखेर १०,३०२. बाजार अजून जानेवारीच्या पातळीच्या चौदा टक्के खाली होता. वर्तमानपत्रांत मंदीचेच मथळे होते. पण आपल्या हिशेबात सहा हप्त्यांचे तीस हजार भरून झाले होते, २९६ युनिटं जमली होती आणि प्रत्येक युनिट सरासरी १०१.३४ रुपयांना पडलं होतं. जूनअखेरचा भाव १०३.०२. म्हणजे किंमत ३०,४९६. बाजार जिथून पडला तिथवर परत पोचलाही नव्हता आणि आपला तोटा भरून निघाला होता. ज्याने जानेवारीअखेर साठ हजार एकरकमी घातले होते, तो जूनअखेर आठ हजारांहून अधिक तोट्यात होता.

वर्षअखेर निफ्टी १३,९८२ वर पोचला. बारा हप्त्यांत साठ हजार रुपये भरले, ५४६.८० युनिटं मिळाली, सरासरी खरेदी १०९.७३ रुपयांना पडली. किंमत झाली ७६,४५३. एकरकमीवाल्याचे साठ हजार ७०,१३२ वर आले होते. इथवर ऐकलं की एसआयपी विकणारा माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि फॉर्म काढतो.

मी मात्र इथे थोडं थांबायला सांगेन. बारा महिन्यांच्या भावांची साधी सरासरी १११.५० रुपये येते. आपली खरेदी पडली १०९.७३ ला. फरक पावणेदोन रुपयांचा, दीड टक्क्याहून किंचित जास्त. आता उलट हिशेब करा. खरेदी साध्या सरासरीने, म्हणजे १११.५०ला पडली असती, तर वर्षअखेर ७५,२३६ रुपये झाले असते. याचा अर्थ १६,४५३ रुपयांच्या नफ्यातले सरासरीच्या अंकगणिताने मिळवून दिलेले फक्त बाराशे सतरा. तेसुद्धा बाजाराने वर्षभरात एवढी मोठी डुबकी मारली असताना. उरलेले पंधरा हजार बाजार वर गेला म्हणून मिळाले, आणि तो वर गेला तेव्हा आपण त्यात होतो म्हणून.

टोमॅटोच्या उदाहरणात फायदा एवढा डोळ्यांत भरला, कारण भाव पाचपट झाला होता. निफ्टी एका वर्षात असा नाचत नाही. भाव जेवढा हेलकावतो तेवढंच हे अंकगणित देतं. जाहिरातीत सरासरीच्या नावावर जेवढं खपवलं जातं त्यातलं बरंचसं तिचं नसतं.

याची दुसरी बाजू लगेच पुढच्याच वर्षी दिसली. २०२१मध्ये बाजार जवळपास एका दमात चढला. जानेवारीअखेर निफ्टी १३,६३५ होता, ऑक्टोबरअखेर १७,६७२ आणि डिसेंबरअखेर १७,३५४. तेच पाच हजार, तेच बारा हप्ते. पहिल्या हप्त्याला युनिट १३६ रुपयांना मिळालं, वर्षभरात तेवढं स्वस्त ते पुन्हा मिळालंच नाही. नंतरच्या प्रत्येक हप्त्याने आपली सरासरी वरच ढकलली आणि ती १५८.३१ वर जाऊन थांबली. साध्या सरासरीपेक्षा ती तरीही रुपयाभराने कमीच होती, अंकगणित काही चुकलं नाही. पण साठ हजारांचे झाले ६५,७७४. एकरकमी घालणाऱ्याचे ७६,३६५.

दोन लागोपाठची वर्षं, रक्कम तीच, शिस्त तीच, आणि निकाल उलटे. बाजार खाली जाऊन वर आला की हप्तेवाला जिंकतो. सरळ चढला की एकरकमीवाला. पुढचं वर्ष कोणत्या प्रकारचं निघेल ते आधी कळत नाही, आणि दीर्घकाळात बाजार पडण्यापेक्षा चढतोच जास्त वेळा. म्हणून ज्याच्या हातात जमीन विकल्याचे किंवा भविष्यनिर्वाह निधीचे पैसे आले आहेत त्याला "हप्त्याहप्त्याने घाला, फायदा होईल" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते खरं नाही. हप्त्याने घातले तर मोठी चूक होण्याची भीती कमी होते, एवढंच खरं आहे. ती भीती कमी करण्याची किंमत अनेकदा परताव्यातून मोजावी लागते. पगारावर जगणाऱ्यापुढे हा प्रश्नच नसतो. त्याच्याकडे जानेवारीत साठ हजार नसतात. महिन्याच्या एक तारखेला पाच हजार असतात, तेही घरभाडं आणि शाळेची फी गेल्यावर.

मग हप्त्याने खरोखर काय कमावलं? ते पाहायला २०२०कडे परत जाऊ आणि एक तिसरा माणूस आणू. त्याने मार्चचा हप्ता भरला, मग घाबरून एप्रिल, मे, जूनचे तीन थांबवले आणि बाजार सावरतोय असं वाटल्यावर जुलैपासून पुन्हा सुरू केले. अशी माणसं तेव्हा घरोघरी होती. वर्षअखेर त्याच्याकडे ३९५ युनिटं, ५५,२७९ रुपयांची, आणि बँकेत न भरलेले पंधरा हजार. एकूण ७०,२७९. न थांबणाऱ्यापेक्षा सहा हजारांहून अधिक कमी. त्याचा एक आकडा मला जास्त बोलका वाटतो. त्याची सरासरी खरेदी ११३.८२ला पडली. वर्षातल्या भावांच्या साध्या सरासरीपेक्षाही ती महाग झाली. रक्कम ठरावीक ठेवली तर जी गोष्ट होऊच शकत नाही ती त्याने तीन महिन्यांत करून दाखवली, कारण नेमके स्वस्त महिने त्याने गाळले. अंकगणिताने बाराशे दिले होते, थांबण्याने सहा हजार गेले. म्हणजे एसआयपीची किंमत सरासरीत कमी आणि बँकेतून आपोआप कापल्या जाणाऱ्या त्या मॅन्डेटमध्ये जास्त आहे. बाजार पडलेला असताना माणूस आपण होऊन पैसे घालत नाही. मॅन्डेटला भीती वाटत नाही.

त्या मॅन्डेटचेही काही नखरे आहेत, ते माहीत असावेत. खात्यात शिल्लक नसेल तर फंड हाउस दंड लावत नाही, बँक मात्र हप्ता परत गेल्याचे पैसे घेते. मासिक हप्ते सलग तीन वेळा चुकले की एसआयपीच रद्द होते, आणि बऱ्याच जणांना ते वर्षभराने कळतं. तसंच, ज्या दिवशी पैसे फंड हाउसच्या खात्यात पोचतात त्या दिवसाचा भाव लागतो. त्यामुळे तारीख पाचची असली तरी स्टेटमेंटवर कधी सहा, कधी सात दिसते. पाच हजार भरूनही तिथे ४,९९९.७५ असं का येतं, असं मावशीने विचारलं होतं. ते पंचवीस पैसे मुद्रांक शुल्काचे, जुलै २०२० पासून लागू झालेले. आणि पाच तारीख बरी की पंचवीस, यावर लोक फार डोकं लावतात. दीर्घ मुदतीत त्याने नावापुरता फरक पडतो. पगार जमा झाल्यानंतरची तारीख घ्यावी, म्हणजे हप्ता परत जात नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल सर्वात कमी बोललं जातं तिच्याकडे येतो. सरासरीचा हा आधार वयाबरोबर झिजतो. पहिल्या वर्षी प्रत्येक हप्ता हा एकूण खरेदीचा मोठा हिस्सा असतो, म्हणून मार्चचा एक स्वस्त हप्ता सगळी सरासरी खाली ओढू शकला. दहा वर्षांनी तसं होत नाही.

कल्पना करा, दहा वर्षांत एकशेवीस हप्ते झाले, सहा लाख रुपये भरले, चार हजार युनिटं जमली. सरासरी दीडशे रुपयांना. आज भाव सव्वादोनशे आहे, म्हणजे पोटलीत नऊ लाख. अशा वेळी बाजार तीस टक्के पडला. भाव १५७.५० झाला आणि नऊ लाखांचे सहा लाख तीस हजार झाले. त्या महिन्याचा पाच हजारांचा हप्ता नेहमीप्रमाणे गेला आणि बत्तीसच्या आसपास युनिटं घेऊन आला. सरासरीचं काय झालं? ती दीडशेवरून दीडशे रुपये सहा पैसे झाली. कमी झाली नाही, वाढली! बाजार तीस टक्के कोसळूनही नवा हप्ता जुन्या सरासरीपेक्षा महागच होता. पावणेतीन लाखांचा खड्डा पाच हजारांच्या टोपल्या टाकून बुजत नाही.

पहिल्या वर्षीची पडझड हप्तेवाल्याला सवलतीची खरेदी असते. पंधराव्या वर्षीची पडझड त्याच्या जमवलेल्या पैशांवरचा घाला असतो. दोन्ही वेळी सल्लागार तेच वाक्य म्हणतो, "घाबरू नका, सरासरी होते." पहिल्या वर्षी ते बरोबर असतं. पंधराव्या वर्षी, मुलीच्या प्रवेशाला आठ महिने उरलेले असताना, ते चूक असतं. ज्यांना अमुक वर्षी पैसे लागणारच आहेत त्यांनी त्या वर्षाच्या दोनतीन वर्षं आधीपासून जमलेली रक्कम टप्प्याटप्प्याने कमी जोखमीच्या ठिकाणी हलवायला हवी. येताना हप्त्याने आलो तसं जातानाही हप्त्याने जावं. फंडांत त्यासाठीही सोय असते, पण ती घ्या म्हणून कुणी फोन करत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. सरासरीला उपयोग तेव्हाच, जेव्हा पडलेली वस्तू पुन्हा उठते. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर बंद झाला आणि ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ रोजी. चौतीस वर्षं. नंतरच्या काळात खालच्या भावाने हप्ते भरत गेलेला जपानी माणूस एकरकमीवाल्याइतका भरडला गेला नाही हे खरं, पण त्याने किती धीर धरला असेल याचा विचार करा. ही गत एका अख्ख्या देशाच्या बाजाराची. एकाच कंपनीच्या किंवा एकाच क्षेत्राच्या फंडात "भाव उतरलाय, सरासरी करू" म्हणत पैसे ओतणाऱ्याला तर वस्तू परत उठेल याची काहीच खात्री नसते. बुडत्या कंपनीचा शेअर शंभरला, साठला आणि वीसला घेऊन सरासरी साठच्याही खाली आणता येते. ती कंपनी शून्यावर गेली की सरासरीही तिच्याबरोबर जाते.

मावशीचा हप्ता अजून चालू आहे. मध्यंतरी तिने स्टेटमेंट समोर धरून विचारलं, "यातलं नक्की काय बघायचं असतं?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो. स्टेटमेंटवर तुमची सरासरी खरेदी किंमत असते आणि आजचा एनएव्हीही असतो. आजच्या एनएव्हीतून तीस टक्के वजा करा. उत्तर सरासरी किमतीच्या खाली आलं तर मोठ्या पडझडीत तुमचे हप्ते अजून सरासरी खाली ओढतील. वर आलं तर त्यांचं ते काम संपलं आहे, आणि आता बघायची ती पैसे लागण्याची तारीख.